मार्जिन कॉलची रक्कम कशी ठरते?

प्रश्न: मी अमेरिकेत राहतो. शिकागोच्या सोयाबीन फ्युचर्समध्ये माझे खाते मेंटेनन्स मार्जिनच्या फक्त २५० डॉलर खाली गेले, तरी ब्रोकर ४५० डॉलर मागतो आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर: बरोबर आहे. मेंटेनन्स मार्जिन ही केवळ इशाऱ्याची पातळी असते. ती ओलांडून शिल्लक खाली गेली की भरणा त्या पातळीपर्यंत नव्हे, तर प्रारंभिक मार्जिनपर्यंत, म्हणजे सौदा सुरू करताना जमा ठेवाव्या लागणाऱ्या रकमेपर्यंत, करावा लागतो.

आपल्या आकड्यांवरून प्रारंभिक मार्जिन २,२०० आणि मेंटेनन्स मार्जिन २,००० डॉलर असावे, असे धरतो. एक करार ५,००० बुशेलचा असल्यामुळे भाव एका सेंटने हलला की खात्यात ५० डॉलरचा फरक पडतो. समजा, आपण १०५० सेंटला एक करार खरेदी केला. पहिल्या दिवशी सेटलमेंट भाव, म्हणजे त्या दिवसाच्या हिशेबासाठी धरला जाणारा भाव, १०४७ ठरला, तेव्हा १५० डॉलर वजा होऊन शिल्लक २,०५० राहिली आणि कोणी काही मागितले नाही. दुसऱ्या दिवशी भाव १०४१ वर आला, आणखी ३०० डॉलर गेले, शिल्लक १,७५० झाली आणि ४५० डॉलरचा कॉल आला. ते भरल्यावर तिसऱ्या दिवशी भाव १०४५ झाला, तर २०० डॉलर जमा होऊन शिल्लक २,४०० होईल आणि वरचे २०० आपल्याला काढून घेता येतील.

येथे वजा होणारी रक्कम कागदावरचा तोटा नसते; दोन्ही बाजूंचे हिशेब चुकते करणाऱ्या क्लिअरिंग हाऊसमार्फत ती त्याच दिवसाच्या हिशेबात समोरच्या बाजूला, म्हणजे विक्री करून बसलेल्यांच्या खात्यांत, जमा होते. भरणा केवळ मेंटेनन्स पातळीपर्यंतच घेतला असता, तर दुसऱ्या दिवशी भाव पाव सेंटने उतरताच पुन्हा कॉल द्यावा लागला असता. दोन पातळ्यांमधील अंतर त्यासाठीच ठेवलेले आहे. भारतात एनएसईवर अशी वेगळी खालची पातळी नसते, त्यामुळे तिथल्या सवयीने पाहणाऱ्याला ही मागणी जादा वाटते.

हिशेब पडताळताना स्क्रीनवरचा शेवटचा भाव घेऊ नका. सेटलमेंट भाव शिकागोच्या वेळेनुसार दुपारी १:१४ ते १:१५ या एका मिनिटातील व्यवहारांवरून ठरतो. संध्याकाळच्या सत्रातील चढउतार पुढच्या दिवसाच्या हिशेबात धरला जातो.

आपल्या ब्रोकरचा करारनामा मात्र आजच वाचा, कारण अनेक ऑनलाइन ब्रोकर कॉलची मुदत न देता सौदा परस्पर बंद करतात आणि तो अधिकार त्यांनी करारात लिहून घेतलेला असतो. भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेवर अडकला आणि घेणाराच उरला नाही, तर त्यांनाही सौदा बंद करता येत नाही. अशा वेळी तोटा जमा केलेल्या मार्जिनच्या पुढे गेला, तरी ती रक्कम आपल्यालाच भरावी लागते.