सोसायटीतलं भजन : वेळ, बैठक आणि आवाज

आमच्या सोसायटीत दर एकादशीला संध्याकाळी भजन करायचं ठरलंय. फलकावर लावायची नोटीस माझ्या गळ्यात पडली आहे. नेमकं काय लिहू?

चार गोष्टी लिहा: कधी सुरू, कधी संपणार, कुठे बसायचं आणि आवाजाचं काय. बहुतेक नोटिशींत पहिली असते, दुसरी नसते. पण भजनाला न येणाऱ्या घरांना दुसरीच हवी असते. पोराला झोपवायचं असेल, कुणाचा दुसऱ्या दिवशी पेपर असेल, त्यांना शेवट कळला की निम्मी कुरकुर तिथेच थांबते. 'सायंकाळी ७ पासून' असं लिहू नका, त्या 'पासून'ला टोकच नाही.

आवाजाबद्दल 'कृपया आवाज कमी ठेवावा' एवढ्यावर सोडलंत तर वाचणाऱ्याला ते शेजाऱ्यासाठी आहे असंच वाटतं. कुणी काय करायचं ते लिहा. आमच्या फलकावरचा मजकूर असा असतो:

"एकादशीनिमित्त भजन. वेळ सायं. ७ ते ८.३०. स्थळ : बी विंगचं पार्किंग, गेटाकडची बाजू. बैठक सतरंजीवर, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या. माइक नाही. टाळ फक्त चार जोड्या, बाकीच्यांनी हलक्या टाळ्या वाजवाव्यात. पहिल्या मजल्यावर आवाजाचा त्रास झाला तर भजन चालू असतानाच खाली येऊन सांगावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर तीच तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर येते, आणि मग ती आवाजाबद्दल राहत नाही.

आम्ही माइक लावतच नाही. तरीही पार्किंगच्या वर राहणाऱ्या काकू दर वेळी तक्रार करतात. आता टाळ-पखवाजही बंद करायचे का?

बंद करू नका. आधी त्यांच्या घरी जाऊन दहा मिनिटं बसा, भजन खाली चालू असताना. आमच्याकडे हाच प्रसंग आला तेव्हा मंडळातल्या सगळ्यांना वाटलं, बाईंना भजनाचंच वावडं आहे. मी चहाच्या निमित्ताने वर जाऊन बसलो. त्यांच्या हॉलमध्ये गाण्याचा शब्दसुद्धा कळत नव्हता. येत होती ती नुसती धुम, जमिनीतून, सोफ्यावर बसल्या बसल्या पायाला जाणवणारी. गॅलरीत गेलो तर धुम मागे पडली आणि टाळांची छणछण कानात घुसली. म्हणजे त्रास दोन होते, आणि दोन्हींची वाट वेगळी होती.

धुम पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाची. आमचा पखवाज उघड्या फरशीवर, खांबाला लागून ठेवलेला असायचा. वाजवणाऱ्याला पाठ टेकायला खांब बरा पडतो, पण फरशी, खांब आणि वरचा स्लॅब हे सगळं एकच काँक्रीट. थाप थेट वर जाते. आम्ही पखवाजाखाली चौपदरी गोधडी घातली आणि वादकाला खांबापासून दूर, गेटाकडच्या मोकळ्या बाजूला बसवलं. थोडी धुम हवेतून जातेच, ती पूर्ण जाणार नाही. पण पायाला जाणवणं थांबलं.

छणछण तेवढ्याने जात नाही. त्या दिवशी बावीस माणसांत अठरा टाळ होते. देवळाच्या मोकळ्या आवारात ते चालून जातं. पार्किंगला वर स्लॅब, खाली फरशी, मागे भिंत. आवाज तिथल्या तिथे आपटत राहतो आणि एका बाजूने बाहेर पडून थेट गॅलऱ्यांवर चढतो. आता चारच जोड्या असतात, त्याही तालात पक्के असलेल्यांकडे. अठरा टाळांत दोघे-तिघे नेहमीच मागे पडायचे, आणि ते झाकायला बाकीचे जोरात वाजवायचे. टाळ मोकळा न सोडता बोटांनी जरा दाबून वाजवला की त्याची झणक लवकर मरते.

तिसरी गोष्ट पेटीची. आमचे पेटीवाले काळी दोन सोडायला तयार नव्हते. त्या पट्टीत अंतऱ्याला स्वर वर गेला की अर्ध्या लोकांचा गळा पुरत नाही, आणि गळा पुरला नाही की माणूस ओरडतो. पांढरी एकवर उतरलो. पहिले दोन अभंग पेटीवाल्यांचं तोंड वाकडं होतं, पण मागे बसलेले आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण अभंग म्हणाले.

साडेआठला संपवायचं ठरतं आणि पावणेदहा वाजतात. भजन मध्येच तोडणंही बरं दिसत नाही.

सुरुवात तपासा. सातला सतरंजी अंथरायची, मग कणीक मळायची, मग पखवाज स्वरात आणायचा, यातच साडेसात होतात. हे सगळं पावणेसातला उरकलेलं हवं.

दीड तासात मावतं ते एवढं : नाम आणि रूपाचा अभंग पंधरा मिनिटं, मग प्रत्येकी दहा मिनिटांचे पाच अभंग, आठ-दहा मिनिटांची गवळण, आणि भैरवी-आरतीला पंधरा. पाचाचे सात अभंग झाले की वीस मिनिटं गेलीच. वेळ खरी जाते ती गवळणीनंतरच्या फर्माइशीत. "एकच घ्या हो बुवा," असं म्हणणारा दर वेळी वेगळा असतो. आमच्याकडे फर्माईश आठच्या आधी सांगायची. घेतली तर ठरलेल्या पाचातला एक अभंग गळतो.

गजर मात्र लवकर घ्या. लय चढली की आवाज चढतोच, कुणी कितीही हात दाखवला तरी. तो चढ साडेसातला आला तर खपतो. शेवटाला गजर घेतलात तर नेमका मुलं झोपायच्या वेळेला सगळ्यात मोठा आवाज होतो, आणि तिथून उतरून आरतीला कुणी येत नाही.

चाळीस माणसांना किती जागा लागते?

मांडी घालून बसणाऱ्याला दोन बाय अडीच फूट धरा, म्हणजे चाळिसांना दोनशे चौरस फूट, आणि पेटी-पखवाजाला आठ बाय दहा वेगळे. खुर्च्या कडेला आणि मागेच. पुढे एक खुर्ची आली की तिच्यामागचा प्रत्येक जण खुर्ची मागतो. जिना, लिफ्ट आणि गाड्यांची वाट मोकळी ठेवा.

कायद्याने रात्री दहापर्यंत मुभा आहे. मग साडेआठचा आग्रह कशाला?

दहापर्यंत सरसकट मुभा आहे हा समज चुकीचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार लाउडस्पीकरला दहाच्या आधीही लेखी परवानगी लागते. निवासी भागाची मर्यादा सकाळी ६ ते रात्री १० या वेळात ५५ डेसिबल आहे, रात्री ४५. समोर बसलेल्या माणसाशी साधं बोलणंही साठीच्या आसपास जातं. आणि रात्री दहानंतरची बंदी फक्त स्पीकरला नाही, वाद्यांनाही आहे. सभागृहासारख्या बंद जागेला सवलत मिळते, उघड्या पार्किंगला नाही.

साडेआठचा आग्रह मात्र कायद्याचा नाही, माझा आहे. साडेआठला संपलं की सतरंज्या घडी करायला माणसं थांबतात. साडेनऊला संपलं की सेक्रेटरी आणि वॉचमन, दोघेच उरतात.