मेंटेनन्सच्या नोटिशीला उत्तर: कोणती वाक्यं काढायची, कोणता आकडा टाकायचा

प्रश्न: पुण्यात तळमजल्यावरचा माझा फ्लॅट भाड्याने दिला आहे. मी स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी दरमहा १,५०० रुपये नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे बिनभोगवटा शुल्क, लावते. त्यामुळे मी एप्रिलपासून बिलच भरलं नाही. आता व्याजासकट ३७,३५६ रुपयांची नोटीस आली आहे. उत्तराचा मसुदा आणि बिल सोबत पाठवलं आहे. सूर, तथ्यं आणि मागणी नीट आहे का ते बघाल का?

उत्तर:

मसुदा दोनदा वाचला. तुमची बाजू पत्रातून दिसते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे, पण असंच पाठवू नका.

आधी एक खात्री करा. बिलावर ‘सहकारी गृहरचना संस्था मर्यादित’ आणि नोंदणी क्रमांक आहे ना? पुण्यात बऱ्याच इमारती अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. लोक त्यांनाही सोसायटीच म्हणतात. तिथे नियम वेगळे, त्यामुळे पुढचं सगळं फक्त सहकारी सोसायटीला लागू धरा.

आता तथ्यं. तुम्ही लिहिलंय, “नॉन-ऑक्युपन्सी चार्ज कायद्याने घेताच येत नाही.” घेता येतो. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याला फक्त मर्यादा घातली आहे: सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये मॉन्ट ब्लांक सोसायटीच्या प्रकरणात हा आदेश योग्य ठरवला. तुमच्या वाक्यावर सेक्रेटरी हाच आदेश दाखवतील आणि तुमचं पत्र पहिल्याच ओळीत खोटं पडेल. खरं तर हा आदेश तुमचं हत्यार आहे, ते तुम्ही त्यांच्या हातात देताय.

दहा टक्के कशाचे, इथे बहुतेकांची गफलत होते. पूर्ण बिलाचे नव्हेत. तुमच्या बिलात सेवा शुल्क २,०००, लिफ्ट १५०, पाणी ३००, सिंकिंग फंड १५० आणि दुरुस्ती निधी ३०० आहे. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च हे सगळं सेवा शुल्कात येतं आणि टक्केवारी तेवढ्यावरच. म्हणजे २०० रुपये. लावले १,५००. महिन्याला १,३०० जादा, आठ महिन्यांचे १०,४००. कमिटी म्हणेल की सर्वसाधारण सभेने ठराव केला आहे. केला असेल, पण शासन आदेशाने घातलेली मर्यादा ठरावाने ओलांडता येत नाही. हे वाक्य पत्रात आधीच घाला, म्हणजे एक फेरी वाचेल.

“मी तळमजल्यावर, मग लिफ्टचे पैसे का?” हा परिच्छेद पूर्ण काढा. आदर्श उपविधींत स्पष्ट आहे की लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी तो खर्च सारखा वाटून घ्यायचा, वापर असो वा नसो. एक हरणारा मुद्दा ठेवला की कमिटी नेमकं त्याचंच उत्तर देते आणि जिंकणारा मुद्दा बाजूला राहतो.

तुमची खरी कच्ची बाजू वेगळी आहे: वाद १,३०० रुपयांचा आणि थांबवलंत पूर्ण ४,४०० चं बिल. वाद नसलेली रक्कमही अडवली की व्याज चढतं आणि तीन महिन्यांनंतर थकबाकीदार ठरण्याची वेळ येते. शिवाय वसुलीसाठी सोसायटी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ ब-२९ खाली निबंधकांकडे दाखला मागायला जाऊ शकते. “व्याज एक पैसाही देणार नाही” हेही टिकत नाही. उपविधींप्रमाणे वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. तुमच्याकडे सभेने नेमका कोणता दर ठरवला आहे ते तेवढं विचारा.

त्यांचं व्याज मी ताडून पाहिलं. २१ टक्के म्हणजे महिन्याला पावणेदोन. बिल महिनाअखेर भरायचं, नोटीस ३० नोव्हेंबरची. म्हणजे एप्रिलचं बिल सात महिने थकलं, मे चं सहा, असं करत नोव्हेंबरचं शून्य. बेरीज २८. दरमहा ४,४०० धरून २,१५६ रुपये होतात, म्हणजे त्यांचा हिशोब बरोबर आहे, मूळ रक्कम तेवढी चूक. ३,१०० धरलं (२,९०० अधिक २०० नॉन-ऑक्युपन्सी) तर व्याज १,५१९. तुमचं खरं देणं २४,८०० अधिक १,५१९, म्हणजे २६,३१९ रुपये. वादातली रक्कम ११,०३७.

हे २६,३१९ पत्राबरोबरच भरा आणि कशापोटी भरताय ते लिहा. नाहीतर खजिनदार ते आपल्या सोयीने वादातल्या रकमेत वळवतील आणि चालू बिल पुन्हा थकीत दाखवतील. करार अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे, पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितलं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर त्याच देण्यात जमा करावे लागतात.

सुराबद्दल फार लिहीत नाही. “ही नोटीस म्हणजे गुंडगिरी” काढा. “खजिनदारांनी पैशांचं काय केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे” हे तर आधी काढा. पुरावा नसताना लेखी आरोप केलात तर उद्या तुम्हालाच खुलासा करावा लागेल. हे पत्र आज कमिटीच्या बैठकीत वाचलं जाईल, उद्या कदाचित उपनिबंधकांच्या टेबलावर असेल. तिथल्या माणसाला तुमचा राग नको असतो, तारीख आणि आकडा हवा असतो.

शेवटी तुम्ही लिहिलंय, “योग्य ती कार्यवाही करावी, अन्यथा परिणामांस आपण जबाबदार.” कोणती कार्यवाही? कधीपर्यंत? यावर सेक्रेटरी “आपले पत्र मिळाले” एवढं लिहून मोकळे होतील. मी असं लिहीन:

> मा. सचिव यांस,
>
> विषय: दि. ३० नोव्हेंबरची थकबाकी नोटीस, फ्लॅट क्र. …
>
> वरील नोटीस मिळाली. सदनिका भाड्याने दिली असल्याने बिनभोगवटा शुल्क देय आहे, हे मला मान्य आहे. तथापि दि. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा, म्हणजे दरमहा रु. २०० पेक्षा, जास्त आकारता येत नाही. सर्वसाधारण सभेच्या ठरावानेही ही मर्यादा वाढवता येत नाही.
>
> एप्रिल ते नोव्हेंबरचे निर्विवाद देणे रु. २४,८०० व त्यावरील व्याज रु. १,५१९, असे एकूण रु. २६,३१९ आज बँकेमार्फत भरले आहेत. ते याच देण्यापोटी जमा करावेत.
>
> जादा आकारलेले रु. १०,४०० व त्यावरील व्याज रु. ६३७ रद्द करून सुधारित बिल द्यावे. तसेच बिनभोगवटा शुल्क व व्याजदर ठरवणाऱ्या ठरावांच्या प्रती द्याव्यात. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे न झाल्यास मी उपनिबंधकांकडे तक्रार करेन.

तुमचं दीड पान होतं, हे अर्ध्या पानात बसतं. सोबत नोटिशीची प्रत, एका महिन्याचं बिल आणि व्याजाचा आठ ओळींचा तक्ता जोडा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्या. “कमिटीला विचारून सही करतो” असं म्हणाले तर वाद न घालता त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नका.