वारस दाखला की सक्सेशन सर्टिफिकेट: बँकेला नेमके काय लागते?

प्रश्न: "वडील चार महिन्यांपूर्वी गेले. नॉमिनी कुठेच नाही, मृत्युपत्रही नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत ११ लाख ४० हजारांची एफडी आहे, तिथे वारस दाखला मागतात. सहकारी बँकेत ७ लाख २० हजार आहेत, तिथे सक्सेशन सर्टिफिकेटच हवे म्हणतात. वारस आम्ही तिघे, आई, मी आणि बहीण. आजीही आमच्याकडेच असते. वाद काही नाही. दोन्ही कागद काढायचे का? वकील म्हणतात, सगळ्या मिळकतीचा एकच अर्ज करू."

उत्तर:

आपण हिंदू वारसा कायद्याखाली येता असे गृहीत धरून लिहितो. आपल्याकडे वारस तीन नसून चार आहेत. आजी म्हणजे वडिलांची आई असेल, तर पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्याइतकीच तीही पहिल्या वर्गाची वारस आहे आणि तिचा हिस्सा इतरांएवढाच, म्हणजे एक चतुर्थांश आहे. मृताचे वडील पहिल्या वर्गात येत नाहीत, आई येते. हा फरक लोकांच्या लक्षात राहत नाही आणि शाखेत तीस वर्षे दावे तपासताना अर्जात सर्वांत जास्त वेळा गाळलेले नाव मी आईचेच पाहिले आहे. कोणताही कागद काढण्याआधी ही यादी बरोबर करा, कारण दोन्ही कागद या यादीवरच उभे असतात.

आता दोन कागदांतला फरक पाहू. वारस प्रमाणपत्र, म्हणजेच वारस दाखला, "मयताचे वारस कोण" एवढेच सांगते. महाराष्ट्रात हे शब्द दोन वेगळ्या कागदांसाठी वापरले जातात आणि बराचसा गोंधळ त्यातूनच होतो. एक दाखला तहसील कार्यालयातून, स्थानिक चौकशी आणि प्रतिज्ञापत्र यांच्या आधारे मिळतो आणि तो मुख्यतः निवृत्तिवेतनासारख्या सरकारी कामांसाठी चालतो. दुसरे प्रमाणपत्र दिवाणी न्यायालय १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली, जाहीर नोटीस काढून आणि हरकती मागवून देते. त्याला वकील मंडळी "हेअरशिप" म्हणतात. हे प्रमाणपत्र मालकी हक्क देत नाही, मिळकतीची व्यवस्था तूर्त कायदेशीरपणे कोणाकडे आहे एवढेच दाखवते, असे त्या रेग्युलेशनमध्येच लिहिले आहे. इंटरनेटवर वारस दाखल्याविषयी जे वाचायला मिळते, त्यातले पुष्कळसे तमिळनाडू किंवा कर्नाटकातील पद्धतीचे असते, जिथे तहसीलदाराचा दाखला हाच मुख्य कागद आहे. ते वाचून आपल्याकडच्या तहसील कार्यालयात गेलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो.

उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३७२ खाली न्यायालयच देते. ते फक्त मयताला येणे असलेली रक्कम आणि रोखे, म्हणजे ठेवी, शेअर, डिबेंचर अशा गोष्टींपुरते असते. घर किंवा जमीन त्यात येत नाही. बँकेला ते का आवडते, याचे कारण कलम ३८१ मध्ये आहे. प्रमाणपत्रधारकाला बँकेने सद्भावनेने पैसे दिले की बँक मोकळी होते. उद्या आणखी एखादा वारस उभा राहिला, तर त्याने प्रमाणपत्रधारकाकडे हिस्सा मागायचा, बँकेकडे नाही. ते संरक्षण बँकेचे असते. पैसा कोणाचा, हे त्याने अखेरचे ठरत नाही.

म्हणजे बँकेला खरे तर स्वतःचा बचाव हवा असतो, आणि लहान रकमेसाठी तो बचाव न्यायालयाशिवायही होतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मयत ग्राहकांच्या दाव्यांबाबत निर्देश काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणण्यास बँकांना सांगितले. त्यानुसार नॉमिनी नसलेल्या, मृत्युपत्र आणि वाद नसलेल्या दाव्यात सहकारी बँकांसाठी ५ लाख आणि इतर बँकांसाठी १५ लाख रुपयांपर्यंत सोपी पद्धत आहे. बँकेची इच्छा असेल तर ती ही मर्यादा वाढवू शकते. मर्यादेच्या आत दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला, दावा करणाऱ्यांची ओळखपत्रे, नुकसानभरपाईचे बंधपत्र आणि दावा न करणाऱ्या वारसांचे हक्क सोडत असल्याचे पत्र एवढे लागते. वारस कोण हे सांगण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचे वारस प्रमाणपत्र चालते, किंवा कुटुंबाला नीट ओळखणाऱ्या, दाव्याशी संबंध नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या व्यक्तीचे घोषणापत्रही चालते. हा दुसरा पर्याय काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही.

आपली ११ लाख ४० हजारांची ठेव १५ लाखांच्या आत आहे. पण त्याच बँकेत वडिलांचे बचत खाते किंवा दुसरी ठेव असेल, तर तीही व्याजासह मोजा. एकूण रक्कम मर्यादेत बसत असेल, तर शाखेला लेखी विचारा की वारस प्रमाणपत्राऐवजी स्वतंत्र व्यक्तीचे घोषणापत्र का चालणार नाही. ओळखीचे निवृत्त मुख्याध्यापक किंवा डॉक्टर यासाठी योग्य ठरतात, सख्खे काका चालणार नाहीत. सर्व कागद दिल्यावर पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आहे, म्हणून कागद दिल्याची तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.

आजीचे हक्क सोडत असल्याचे पत्र हा या दाव्यातला सर्वांत नाजूक कागद आहे. ती सही करत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, शक्यतो शाखेतच घ्या. तिला येणे जमत नसेल तर अधिकाऱ्याला घरी येण्याची विनंती करा. यात विलंब करू नका, कारण हे सगळे आटोपण्याआधी आजीचे काही बरेवाईट झाले तर तिचा चतुर्थांश तिच्या वारसांकडे जातो. म्हणजे आपले काका आणि आत्या, आणि वडिलांच्या जागी आपण दोघे भावंडे, असे सगळे त्या एका हिश्श्यात येतात आणि प्रत्येकाच्या सहीची गरज पडते. आजीला आपला हिस्सा ठेवायचाच असेल, तर तो तिचा हक्क आहे. मग तिलाही दावा करणाऱ्यांत धरा आणि रक्कम चौघांच्या नावे द्यायला सांगा.

सहकारी बँकेची ७ लाख २० हजारांची रक्कम ५ लाखांच्या वर आहे, म्हणून तिथली मागणी चुकीची म्हणता येणार नाही. तरीही मर्यादेवरच्या रकमेसाठी सक्सेशन सर्टिफिकेट हा एकमेव मार्ग नाही. बँक वारस प्रमाणपत्रावर किंवा स्वतंत्र व्यक्तीच्या शपथपत्रावर, जामीनदार घेऊनही पैसे देऊ शकते. एकदा त्या पर्यायाविषयी लेखी विचारून पाहा. नकार आला तर न्यायालयात जा, पण तिथे एक गोष्ट सांभाळा: वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे सगळी मिळकत एकाच अर्जात घालू नका. सक्सेशन सर्टिफिकेटची कोर्ट फी प्रमाणपत्रात दाखवलेल्या रकमेवर लागते. ११ लाख ४० हजार रुपये त्याशिवाय मिळत असताना ते अर्जाच्या परिशिष्टात, म्हणजे रकमांच्या यादीत, घातले, तर त्यांच्यावर विनाकारण फी भराल. अर्जात फक्त सहकारी बँकेची रक्कम दाखवा.

अर्ज मयताचे राहण्याचे ठिकाण ज्या न्यायालयाच्या हद्दीत होते तिथे करायचा, ठेव कुठेही असली तरी. त्यात मृत्यूची तारीख, राहण्याचा पत्ता, सर्व जवळच्या नातेवाइकांची नावे व पत्ते आणि येणे रकमेचा तपशील असतो. मग नोटीस निघते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, हरकत न आल्यास शपथपत्रावर पुरावा होतो आणि आदेश होतो. न्यायालय कधी अर्जदाराकडून जामिनासह बंधपत्र मागते. बिनविरोध प्रकरणालाही काही महिने लागतात. चौघांपैकी एकाच्या, समजा आईच्या, नावे प्रमाणपत्र मागा आणि बाकीच्यांची, आजीसह, संमती शपथपत्रावर जोडा. त्या ७ लाख २० हजारांतला प्रत्येकाचा हिस्सा १ लाख ८० हजार होतो, ते आईने नंतर वाटायचे आहेत किंवा संमतीने ठेवायचे आहेत.

या मधल्या महिन्यांतच एक अडचण येते. माझ्याच नात्यातल्या एका प्रकरणात अर्जात एफडीचा जुना पावती क्रमांक लिहिला होता. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ती ठेव मुदत संपून आपोआप नव्याने गुंतली आणि क्रमांक बदलला. शाखेने प्रमाणपत्र परत केले, "आमच्याकडे या क्रमांकाची ठेवच नाही." दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करण्यात अडीच महिने गेले. म्हणून अर्जापूर्वी बँकेकडून ग्राहक क्रमांक, सर्व खात्यांचे क्रमांक, आजची शिल्लक आणि मुदतपूर्तीची तारीख यांचे शाखेच्या शिक्क्याचे पत्र घ्या, आणि "या ठेवी व त्यांचे नूतनीकरण झाल्यास त्या ठेवी, व्याजासह" असे शब्द परिशिष्टात घालून घ्या. एखादी ठेव नंतर सापडली तर कलम ३७६ खाली प्रमाणपत्राचा विस्तार मागता येतो, पण त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. याच वेळी नाव तपासा. ठेवीवर आद्याक्षरे आणि मृत्यू दाखल्यावर पूर्ण नाव असेल तर एकाच व्यक्तीबाबतचे प्रतिज्ञापत्र आधीच जोडा.

पतसंस्थेत रक्कम असेल तर ती बँक नाही, त्यामुळे वरचे निर्देश तिला लागू नाहीत. तिथले नियम संस्थेच्या उपविधीत पाहावे लागतील.

घर आणि शेतीसाठी वेगळे पाहा. शेतजमिनीला न्यायालयाचा कागद सहसा लागत नाही. तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) अर्ज केला की वारस रजिस्टरला नोंद होते, नोटीस निघते आणि फेरफार मंजूर झाल्यावर सातबारावर चौघांची नावे येतात. त्यातही आजीचे नाव असायला हवे. गृहनिर्माण संस्थेत वडिलांच्या नावे सदनिका असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ खाली संस्था वारस प्रमाणपत्र किंवा वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त स्वीकारू शकते. त्यासाठी बँकेचे सक्सेशन सर्टिफिकेट नेऊन दाखवू नका. त्याच्या परिशिष्टात सदनिकेचा उल्लेख नसेल आणि सचिव ते परत करतील.