एकरकमी की एसआयपी, आणि पत्रकातल्या दोन टक्केवाऱ्या

प्रश्न : माझे वय 29 आहे आणि मी नाशिकला खासगी कंपनीत नोकरी करते. मुदत ठेव पूर्ण होऊन 2,40,000 रुपये हातात आले आहेत. यांपैकी 80,000 रुपये आठ महिन्यांनी बहिणीच्या लग्नासाठी लागतील. बाकीचे पंधरा वर्षे तरी लागणार नाहीत. बँकेतले अधिकारी सगळी रक्कम एका फ्लेक्सी कॅप फंडात एकरकमी टाका म्हणतात, मैत्रीण म्हणते एसआयपीच कर. पत्रकात एक्झिट लोड एक टक्का आणि एक्स्पेन्स रेशो 1.9 टक्के लिहिले आहे, डायरेक्ट प्लॅनसमोर 0.8 टक्के आहे. एक टक्का कापतात म्हणून भीती वाटते. अडीअडचणीसाठी बचत खात्यात वेगळे 75,000 रुपये आहेत आणि पगारातून महिना 5,000 रुपये बाजूला पडू शकतात. काय करावे?

उत्तर : बँकेने पुढे केलेल्या अर्जावर पूर्ण 2,40,000 रुपयांसाठी सही करू नका. त्यातले 80,000 रुपये आधी वेगळे काढा आणि लग्नाच्या खरेदीच्या पंधरवडाभर आधी मुदत संपेल अशा बेताने पुन्हा बँकेच्या ठेवीतच ठेवा. फ्लेक्सी कॅप फंडाचे बहुतांश पैसे शेअरमध्ये असतात आणि शेअर बाजार लग्नाची तारीख पाहून चढत-उतरत नाही. 2020 च्या जानेवारीत 12,300 च्या वर असलेला निफ्टी मार्चच्या अखेरच्या आठवड्यात 7,600 च्या आसपास आला होता. तशा घसरणीत तुमचे 80,000 रुपये दोन-सव्वादोन महिन्यांत 50,000 च्या खाली गेले असते. पुढे बाजार सावरला हे खरे, पण ज्याला मधल्या काळातच पैसे काढावे लागले त्याला त्या सावरण्याचा उपयोग झाला नाही.

आता तुम्हाला ज्याची भीती वाटते त्या एक्झिट लोडकडे वळू. ठरावीक मुदतीच्या आत पैसे काढले तर त्या काढलेल्या रकमेतून होणारी ही एकवेळची कपात आहे. शेअरमध्ये गुंतवणूक करणाऱ्या बहुतेक योजनांत ही मुदत एक वर्षाची असते. काही योजनांत ती कमी असते, काहींत लोडच नसतो, त्यामुळे योजनेच्या माहितीपत्रकातली ती ओळ स्वतः वाचावी. समजा, तुम्ही 40 रुपये एनएव्ही असताना, म्हणजे एका युनिटची किंमत 40 रुपये असताना, पैसे गुंतवले आणि आठव्या महिन्यात 42 रुपये भावाने 1,000 युनिट विकले. 42,000 रुपयांवर एक टक्का म्हणजे 420 रुपये कापले जातील आणि 41,580 रुपये हाती येतील. हा एक टक्का नफ्यावर नसून पूर्ण विक्रीच्या रकमेवर असतो, हे नवख्या गुंतवणूकदाराच्या बहुधा लक्षात येत नाही. भाव उतरून 36 रुपये झाला असता, तर तोट्यात विकतानाही 360 रुपये द्यावे लागले असते. कापलेली रक्कम फंड कंपनीला मिळत नाही, ती त्याच योजनेत जमा होते. जे लवकर बाहेर पडतात त्यांच्यामुळे मागे राहिलेल्यांना होणारा त्रास भरून काढावा, असा तिचा हेतू आहे. पंधरा वर्षे थांबणाऱ्या माणसाला हा आकार एक रुपयाही लागत नाही.

एसआयपीत मात्र या एका वर्षाचा हिशेब वेगळा चालतो आणि तिथे पुष्कळांची फसगत होते. पहिला हप्ता जाऊन वर्ष झाले की सगळे पैसे मोकळे झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक हप्त्याचे वर्ष त्या हप्त्यापासून मोजले जाते. दर महिन्याच्या 5 तारखेला 5,000 रुपये भरायला तुम्ही जुलैत सुरुवात केली आणि पुढच्या वर्षीच्या 10 ऑगस्टला सगळे काढायचे ठरवले, तर तोपर्यंत चौदा हप्ते गेलेले असतील, पण वर्ष पूर्ण झालेले पहिले दोनच असतील. उरलेल्या बारांच्या युनिटवर लोड लागेल. दिलासा इतकाच की आधी घेतलेले युनिट आधी विकले गेले असे धरले जाते, त्यामुळे थोडीच रक्कम काढायची असेल तर ती त्या दोन जुन्या हप्त्यांतून लोडशिवाय निघते.

तुमच्या निर्णयात खरे वजन एक्स्पेन्स रेशोला आहे. योजना चालवण्याचा हा वार्षिक खर्च आहे. तो टक्क्यांत सांगितला जातो, पण रोज थोडा थोडा वजा होतो. 1,60,000 रुपयांवर 1.9 टक्के म्हणजे वर्षाला 3,040 रुपये, दिवसाला साधारण सव्वाआठ रुपये. त्याचे बिल येत नाही आणि खातेउताऱ्यात त्याची वेगळी नोंद दिसत नाही, कारण रोज संध्याकाळी जाहीर होणारी एनएव्ही हा खर्च वजा करूनच काढलेली असते. फायदा होवो वा तोटा, तो द्यावाच लागतो, आणि तुमची रक्कम वाढत जाईल तसा रुपयांत मोजलेला खर्चही वाढत जातो.

पत्रकातले 1.9 आणि 0.8 हे दोन आकडे एकाच योजनेचे आहेत. शेअर तेच, निधी व्यवस्थापक तोच. रेग्युलर प्लॅनमध्ये मध्यस्थाचे, तुमच्या बाबतीत बँकेचे, कमिशन त्या खर्चात धरलेले असते आणि तुमचे पैसे तिथे आहेत तोवर ते चालू राहते. डायरेक्ट प्लॅनमध्ये ते नसते. 1 जानेवारी 2013 पासून असा प्लॅन देणे फंड कंपन्यांना बंधनकारक आहे. फरकाचा अंदाज येण्यासाठी असे गृहीत धरा की खर्च वजा होण्याआधी योजनेची वाढ वर्षाला सरासरी 11 टक्के झाली. हे केवळ गणितासाठी आहे, बाजार असे वचन देत नाही. पंधरा वर्षांनी 1,60,000 रुपयांचे रेग्युलर प्लॅनमध्ये सुमारे 5,91,000 आणि डायरेक्टमध्ये सुमारे 6,87,000 रुपये होतील. 96,000 रुपयांचा हा फरक तुम्हाला घाबरवणाऱ्या एक्झिट लोडच्या किती तरी पट आहे.

म्हणून बँकेतले अधिकारी तुम्हाला फसवत आहेत, असे मी म्हणणार नाही. अर्ज भरून देणे, वारस नोंदवणे, बाजार पडला की धीर देणे यासाठी कुणीतरी हवे असेल, तर त्या सेवेची किंमत मोजण्यात गैर काही नाही. मात्र तुमची गरज साधी आहे: एक योजना, एक मुदत आणि महिन्याचा एक हप्ता. एवढ्यासाठी वर्षाला 1.1 टक्के जादा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केवायसी पूर्ण करून फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिच्या कार्यालयात जाऊन डायरेक्ट प्लॅन घ्या. हे आत्ताच केलेले बरे, कारण रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये नंतर बदल करणे ही विक्री आणि नवी खरेदी धरली जाते. वर्षाच्या आत बदल केला तर लोड लागू शकतो आणि नफ्यावर कर तर द्यावाच लागतो. सध्याच्या नियमांप्रमाणे शेअरप्रधान योजनेचे युनिट वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर 20 टक्के कर आहे. वर्षानंतर विकल्यास अशा सगळ्या गुंतवणुकींचा मिळून आर्थिक वर्षातला पहिला 1,25,000 रुपयांचा नफा सोडून पुढच्या नफ्यावर 12.5 टक्के.

राहिला एकरकमी की एसआयपी हा प्रश्न. एसआयपी ही वेगळी योजना नव्हे, त्याच योजनेत ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम भरण्याची ती पद्धत आहे. तिच्याविषयी बोलताना थोडी अतिशयोक्ती होते. 5,000 रुपयांचे तीन हप्ते 40, 36 आणि 44 रुपये भावाने गेले, तर 125, 138.89 आणि 113.64 असे युनिट मिळतात आणि सरासरी खरेदी 39.73 रुपयांना पडते. तिन्ही भावांची सरासरी 40 रुपये, म्हणजे फायदा 27 पैशांचा. शेवटी भाव 35 वर आला तर एसआयपी करणाऱ्यालाही तोटाच दिसेल. एसआयपीचे खरे बळ असे की ती पगाराच्या चालीने चालते आणि आज भरू की थांबू हा विचार दर महिन्याला करावा लागत नाही. म्हणून पगारातल्या 5,000 रुपयांसाठी ती योग्यच आहे. पगार 1 तारखेला होत असेल तर हप्ता 5 तारखेला ठेवा, कारण खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर फंड कंपनी दंड करत नाही, पण बँक आकार लावते.

हातातले 1,60,000 रुपये मात्र पगारासारखे हळूहळू येणारे नाहीत, ते आजच आहेत. बाजार चढता राहिला तर एकदम गुंतवलेले पैसे अधिक काळ कामाला लागतात आणि गणित एकरकमीच्या बाजूने झुकते. तरीही पहिल्यांदाच गुंतवणूक करणाऱ्या माणसाला मी एकदम सगळे टाकायला सांगत नाही. पहिल्या तीन महिन्यांत 1,60,000 चे 1,25,000 झालेले पाहून घाबरून बाहेर पडलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यातली बरीच पुन्हा फिरकली नाहीत. तुम्ही ही रक्कम त्याच फंड कंपनीच्या लिक्विड फंडाच्या, म्हणजे शेअरऐवजी अगदी अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या योजनेच्या, डायरेक्ट प्लॅनमध्ये ठेवा आणि तिथून दर महिन्याला 20,000 रुपये फ्लेक्सी कॅपमध्ये वळते होतील असा एसटीपीचा अर्ज द्या. आठ हप्त्यांत मुद्दल तिकडे जाईल. लिक्विड फंडात पहिले सहा दिवस अगदी किरकोळ लोड असतो, सातव्या दिवसापासून तो नसतो, म्हणून पहिला हप्ता आठवडाभराने ठेवा. प्रत्येक हप्ता ही लिक्विड फंडातली विक्री असते, तेव्हा त्यावरचा थोडासा नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून विवरणपत्रात दाखवावा लागेल. एसटीपीतही फ्लेक्सी कॅपच्या लोडचे वर्ष हप्त्यागणिक मोजले जाईल. शेवटच्या हप्त्याचे वर्ष आजपासून साधारण वीस महिन्यांनी पूर्ण होईल.

पहिला खातेउतारा आला की दोन गोष्टी तपासा. योजनेच्या नावापुढे डायरेक्ट हा शब्द आहे ना, हे पाहा. मग युनिटचा आकडा ताडून पाहा. 20,000 रुपयांना 40 रुपये भावाने बरोबर 500 युनिट न दिसता 499.975 दिसतील. खरेदीवर 0.005 टक्के मुद्रांक शुल्क असते, त्याचा तो एक रुपया आहे. त्याहून अधिक फरक दिसला तर फंड कंपनीला पत्र लिहून कारण विचारा.