सिग्नलला बंद होणारं इंजिन आणि कधीच न झालेली बचत

*"साडेतीन वर्षांपूर्वी कर्ज थोडं वाढवून, सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारं स्टार्ट-स्टॉप असलेलं वरचं मॉडेल घेतलं, पेट्रोलचं. पेट्रोल १५ टक्के वाचेल असं विक्रेत्याने सांगितलं होतं. त्या बचतीतून वाढीव हप्ता भागतो, असा माझा हिशोब आहे. रोज ३० किलोमीटर, बहुतेक मोकळा रस्ता. आता बॅटरी गेली. मूळची एजीएम बॅटरी साधीच्या जवळजवळ दुप्पट महाग आहे. दुकानदार म्हणतो, जास्त ॲम्पिअर-अवरची साधी टाका, काम तेच. गेले पाच-सहा महिने तर सिग्नलला इंजिन बंद होणंही थांबलंय, म्हणजे बॅटरीला ताण नाहीच. साधी घेऊन उरलेले पैसे म्युच्युअल फंडात टाकू का?"*

नको. एजीएमच घ्या. पण तुमच्या पत्रात बॅटरीपेक्षा मोठं भोक दुसरीकडेच आहे. आधी बॅटरीचं बोलू, कारण ते भोक तिच्यातूनच दिसतं.

दुकानदाराचा तर्क असा, की इंजिन वारंवार चालू करायचं म्हणजे जोर जास्त लागणार, आणि जोर जास्त म्हणजे मोठी बॅटरी. ऐकायला पटतं, पण आकडे मांडले की कोसळतं. गरम पेट्रोल इंजिन फिरवताना स्टार्टर साधारण ३०० ॲम्पिअर ओढतो असं धरा, आणि तेही अर्धाच सेकंद. गुणाकार १५०. आता त्याआधी गाडी सिग्नलला मिनिटभर उभी होती. इंजिन बंद असल्यामुळे त्याच्यावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटरही बंद, पण दिवे, पंखा, स्क्रीन आणि गाडीचे कंट्रोलर चालूच. ते सगळे मिळून ३० ॲम्पिअर खातात असं धरा, तर ६० सेकंदांत १८००. म्हणजे इंजिन चालू करायला जेवढी वीज लागली, तिच्या बारापट नुसतं उभं राहण्यात गेली.

सुरुवातीचा धक्का स्वस्त का पडतो, हेही पाहण्यासारखं आहे. सकाळी तुम्ही गाडी सुरू करता, तेव्हा कंट्रोलरला कुठला पिस्टन कुठे आहे हे माहीत नसतं. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकात एका जागी दाते मुद्दाम गाळलेले असतात. ती खूण सेन्सरसमोरून जाईपर्यंत इंजिन नुसतं फिरवावं लागतं, पेट्रोल आणि ठिणगी त्यानंतर. सिग्नलला मात्र कंट्रोलर जागाच असतो. इंजिन थांबताना शेवटच्या क्षणी कोंडलेल्या हवेमुळे किंचित उलटं फिरतं. इथला सेन्सर तो उलटा झोकाही मोजतो, म्हणून पिस्टन नेमका कुठे थांबला हे त्याला पाठ असतं. इंजिन गरम, पेट्रोल दाबाखाली तयार. तुम्ही ब्रेकवरून पाय उचलता आणि पहिल्याच योग्य सिलिंडरला ठिणगी मिळते. माझदाने २००९ मध्ये बाजारात आणलेल्या आय-स्टॉपमध्ये तर थांबलेल्या सिलिंडरमध्येच पेट्रोल फवारून पेटवतात, त्या स्फोटाने इंजिन फिरू लागतं आणि स्टार्टर जरासा हात लावतो. साधारण ०.३५ सेकंदात काम होतं.

मग बॅटरी दणकट कशाला? दोन कारणांसाठी, आणि दोन्ही ॲम्पिअर-अवरच्या आकड्यात दिसत नाहीत.

एक, ये-जा. साधी बॅटरी एक मोठा घास देऊन लगेच पुन्हा भरून घेण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातून थोडं काढा, थोडं भरा, असं दिवसाला पंचवीस वेळा केलं की प्लेटवरचा लेप सैल होऊन गळू लागतो. एजीएममध्ये प्लेटांच्या मध्ये काचेच्या तंतूंची गादी दाबून बसवलेली असते. आम्ल तिच्यातच मुरलेलं असतं आणि लेपाला हलायला जागा उरत नाही.

दोन, अर्धपोटी राहणं. ब्रेक मारताना फुकट मिळणारी वीज साठवता यावी म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत कंट्रोलर बॅटरी मुद्दाम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतो. साधी बॅटरी तशी महिनोन् महिने ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ती पुन्हा भरेनाशी होते. तुमच्या गाडीतही हेच चार्जिंग असेल, तर सिग्नल दोन असोत की वीस, ते बदलत नाही. स्टार्ट-स्टॉपचं बटण दाबून बंद ठेवलं तरी नाही. ॲम्पिअर-अवर वाढवून तुम्ही फक्त मोठी अर्धपोटी बॅटरी विकत घेता. मी स्वतः हा शहाणपणा करून पाहिलाय. आठ महिन्यांत सिग्नलला इंजिन बंद होणं थांबलं आणि दीड वर्षात दुसरी बॅटरी घेतली. दोन साध्या मिळून एका एजीएमची किंमत झालीच, वर ढकलगाडी.

आता ते मोठं भोक.

तुम्ही 'ताण नाही' म्हणून ज्याचा आनंद मानताय, ती बॅटरीची तक्रार होती. ऋण टोकाशी एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजून बॅटरी किती भरली आहे याचा अंदाज बांधतो. हा अंदाज ठरावीक पातळीखाली गेला, की कंट्रोलर इंजिन बंद करण्याची जोखीमच घेत नाही, कारण पुन्हा चालू होईल याची खात्री नसते. थंड इंजिन किंवा एसीची गरज, यांमुळेही एखाद्या दिवशी असं होतं. सलग सहा महिने मात्र नाही. म्हणजे अर्धं वर्ष आधी निरोप आला होता, आणि त्या अर्ध्या वर्षात तुमची पेट्रोल-बचत शून्य होती. तरी हिशोबाच्या वहीत ती दर महिन्याला जमा होत राहिली!

ती आधी तरी किती होती? तुमची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं धरू, म्हणजे रोज दोन लिटर. विक्रेत्याचे १५ टक्के म्हणजे रोज ०.३ लिटर. उभ्या गाडीचं लहान पेट्रोल इंजिन तासाला साधारण ०.७ लिटर पितं. तेव्हा ०.३ लिटर वाचवायचं तर रोज पंचवीसेक मिनिटं गाडी सिग्नलला उभी हवी. मोकळ्या रस्त्यावर, जाता-येता मिळून चार मिनिटं म्हणू. वाचलं ०.०५ लिटर, जेमतेम अडीच टक्के. त्यातूनही सिग्नलला खर्च झालेली वीज अल्टरनेटरने पुढे परत भरायची आहे, आणि तेही पेट्रोलवरच.

वर्षाला ३०० दिवस धरा. तुमच्या वहीत ९० लिटर, टाकीत १५. साडेतीन वर्षांचे वहीत ३१५ लिटर होतात. प्रत्यक्षात शेवटचं अर्धं वर्ष सोडून ४५. पेट्रोलच्या भावाने गुणा आणि वाढीव हप्त्यांच्या बेरजेशेजारी लिहा. तो फरक तुम्ही कुठून तरी भरलाच आहे. बचत खात्यातून गेला की कार्डाच्या थकबाकीत साचला, हे मागच्या स्टेटमेंटांत शोधा. कार्डावर असेल, तर म्युच्युअल फंडाचं नाव काढण्याआधी ते फेडा. विक्रेता खोटं बोलला असंही नाही, तुंबलेल्या शहरात रोज अर्धा तास उभं राहणाऱ्याला तेवढं वाचेलही. तुमचा रस्ता कोणता, हे त्याने विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत.

बजेटमधली 'पेट्रोल-बचत' ही ओळ आजच खोडा. तिच्या जागी बॅटरीची ओळ घाला: नव्या एजीएमची किंमत भागिले ४८, दरमहा बाजूला. चार वर्षांनी ती पुन्हा लागेलच असं समजा.

आणि बॅटरी बसवून घेताना स्कॅनर लावून तिची नोंद गाडीच्या कंट्रोलरमध्ये करायला सांगा. बऱ्याच गाड्यांना ती लागते. नाही केली, तर कंट्रोलर नव्या बॅटरीला जुनीच समजून तशीच भरत राहतो. नोंद करता येत नाही असं दुकानदार म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.