टॉन्सिल काढल्यानंतरचा दुसरा आठवडा

प्रश्न: वय ३१. टॉन्सिल काढून सहा दिवस झाले. दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलंय, कान ठणकतोय, घशात पांढरं दिसतंय. रक्त किती आलं तर दवाखान्यात जायचं?

उत्तर: माझं ऑपरेशन ३४व्या वर्षी झालं. मोठ्यांमध्ये चौथ्यापासून आठव्या दिवसापर्यंत दुखणं बहुधा वाढतंच. पांढरं दिसतंय तो पू नाही, जखमेवरची खपली आहे. तोंडात ओली राहते म्हणून तशी दिसते. घसा आणि कान यांना एकच नस जाते, म्हणून कान ठणकतो.

पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून मी रात्रीची गोळी घेतली नाही. सकाळी थुंकीही गिळवेना, म्हणून पाणी प्यायलो नाही आणि कोरड्या घशाने दुखणं दुप्पट झालं. तेव्हापासून गजर लावून दर सहा तासांनी पॅरासिटामॉल घेतली आणि जेवण गोळीनंतर अर्ध्या तासाने. डोस तुमच्या डॉक्टरांनी लिहिलाय तोच ठेवा. धडधाकट मोठ्या माणसालाही २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि सर्दीच्या गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, तीही यात धरा. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, तिने रक्तस्राव वाढतो.

खाण्यात मला गार दहीभात आणि कोमट पेज सोसली. आईने मुगाची खिचडी इतकी घोटून दिली की चमच्यावरून ओघळायची. लिंबू, टोमॅटोचं सार आणि तिखट झोंबतं. चिवडा, पापड, टोस्ट खपली खरवडतात. पण नुसत्या आइस्क्रीमवर राहू नका, थोडं थोडं चावून गिळत राहिलं की घसा आखडत नाही. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

आता रक्ताचं. खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटते, धोका तेव्हाच जास्त. थुंकीत एखादी फिकट गुलाबी रेघ आली तर डॉक्टरांना फोन करून विचारा. ताजं लाल रक्त किंवा गाठ पडली तर थेट इमर्जन्सीत, थांबलं तरी. मला आठव्या रात्री अडीचला तोंडात खारट चव आली, बेसिनमध्ये दोन-तीन चमचे लाल रक्त पडलं आणि दहा मिनिटांत थांबलं. बायको म्हणाली, "थांबलंय ना, सकाळी जाऊ." मी ऐकलं नाही. तपासताना डाव्या बाजूला रक्ताची गाठ होती आणि पहाटे वॉर्डात पुन्हा रक्त आलं. असं थोडं येऊन थांबलेलं रक्त मोठ्या रक्तस्रावाच्या आधीचं असू शकतं.

तसं झालं तर आडवं होऊ नका. पुढे वाकून बसा, रक्त गिळू नका, थुंका. काही खाऊ-पिऊ नका, पुन्हा भूल द्यावी लागू शकते. गाडी स्वतः चालवू नका. रक्त वाहतच असेल तर १०८ ला फोन करा. झोपेत सारखं गिळणं आणि काळपट उलटी ही पोटात रक्त जात असल्याची खूण, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा. आणि १४ दिवस होईपर्यंत रात्री ईएनटी डॉक्टर मिळेल अशा दवाखान्यापासून लांब जाऊ नका. मी दहाव्या दिवशीचं गावचं लग्न त्यासाठीच सोडलं.