डीलरांना दरमहा मेल: रेट सोडून लिहायचं तरी काय?

*मी बी.एस्सी. (रसायनशास्त्र) झाले आणि अंबरनाथच्या एका केमिकल सप्लायरकडे मार्केटिंग ट्रेनी म्हणून लागले. आमचे साठ-सत्तर डीलर आहेत. त्यांना आतापर्यंत फक्त रेटलिस्ट जायची. आता साहेब म्हणतात, महिन्यातून एक मेल असा पाठव की डीलरला धंद्यात उपयोगी पडेल. मी दोन मेल लिहिले, पण ते पुस्तकातल्या धड्यासारखे झाले. हे काम नीट कसं करायचं? आणि यातून पुढे करिअर होतं का, की मी लॅबमध्येच जायला हवं होतं? – एक विद्यार्थिनी*

तुझे मेल धड्यासारखे झाले, कारण तू बहुधा पदार्थापासून सुरुवात केलीस: सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे काय, उपयोग कोणते, वगैरे. तो माल डीलर वर्षानुवर्षं विकतोय. सुरुवात तक्रारीपासून कर. ऑफिसमध्ये तक्रारींचं रजिस्टर असेल, नसेल तर डिस्पॅच सांभाळणाऱ्या माणसाजवळ अर्धा तास बस. गेल्या दोन वर्षांत कोणत्या महिन्यात कोणता माल परत आला आणि डीलर फोनवर काय म्हणाला, हे लिहून घे. त्या यादीतून वर्षभराचे विषय निघतात. मग त्या मालाची सेफ्टी डेटा शीट उघड. तिचे सोळा भाग असतात. सातव्यात हाताळणी आणि साठवण असते, दहाव्यात माल कशाने बिघडतो आणि कशाशी जुळत नाही ते असतं. तुझा मजकूर मुख्यतः या दोन भागांतून येईल, पण भाषा डीलरच्या गोडाऊनची हवी.

तक्रारी ऋतूप्रमाणे येतात, म्हणून मेल तक्रारीच्या महिनाभर आधी जायला हवा. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १६.६ अंशांना गोठतं. नाशिककडच्या थंडीत ड्रम घट्ट झाला की डीलरला माल खराब वाटतो. हा मेल नोव्हेंबरात गेला तर उपयोग, जानेवारीत गेला तर ती सारवासारव. कॉस्टिक फ्लेक्सला पावसाळ्यात ओल लागते, तो विषय मे महिन्यात घे. सोडियम हायपोक्लोराइटचा, म्हणजे हायपोचा मेल मार्चअखेर पाठव, कारण एप्रिल-मेचा माल डीलर तेव्हाच भरून ठेवतो.

हायपोचाच मेल पूर्ण करून बघू.

एप्रिल-मेमधली नेहमीची तक्रार अशी: ‘पार्टी म्हणते हायपो पाणचट आहे, टाकून सुद्धा पाण्यात क्लोरीन दिसत नाही.’ माल निघाला तेव्हा बरोबर होता, गोडाऊनमध्ये त्याची ताकद उतरली. हायपो आपोआप विघटित होऊन त्याचं मीठ आणि क्लोरेट होतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण तिप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी किती तापतं ते डीलरला सांगायची गरज नाही. उजेडानेही माल उतरतो. तांबं, निकेल, लोखंड यांचा अंश लागला तर विघटनाची दुसरी वाट उघडते आणि ऑक्सिजन सुटतो. घट्ट झाकण लावलेला कार्बॉय फुगतो तो यामुळे. ड्रमला पितळी तोटी लावणारे डीलर असतात, त्यांच्याकडे हा प्रकार हमखास.

आता हे डीलरच्या हिशेबात मांड. समज, त्याच्या गिऱ्हाइकाकडे ५० हजार लिटरची टाकी आहे आणि लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं आहे. एकूण १०० ग्रॅम क्लोरीन लागेल. मालात लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे १० टक्के उपलब्ध क्लोरीन असेल, तर १ लिटर हायपो पुरतो. तोच माल ६ टक्क्यांवर उतरला असेल तर सुमारे १ लिटर ६७० मिलिलिटर लागतो. गिऱ्हाईक सवयीने एक लिटरच टाकतं, मग प्रत्यक्ष डोस १.२ मिलिग्रॅम पडतो आणि तक्रार येते. एवढं गणित मेलमध्ये असलं की डीलर ते गिऱ्हाइकाला तसंच ऐकवतो. मात्र डोस किती असावा हे आपण सांगायचं नाही. ते पाण्याच्या तपासणीवर ठरतं आणि तो निर्णय गिऱ्हाइकाच्या प्लांटचा. गणित उदाहरण म्हणूनच ठेव.

मेल असा होईल:

> विषय: उन्हाळ्यात हायपो का उतरतो? गोडाऊनमध्ये हे बघा
>
> नमस्कार,
>
> एप्रिल-मेमध्ये हायपो पाणचट निघाल्याच्या तक्रारी वाढतात. बहुतेक वेळा माल साठवणीत उतरलेला असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की माल उतरण्याचा वेग साधारण तिप्पट होतो.
>
> कार्बॉय सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा. पत्र्याच्या भिंतीला लावू नका. जुना बॅच आधी काढा, त्यासाठी बॅच नंबर बाहेरच्या बाजूला दिसू द्या. हवा सुटणारं मूळ झाकण बदलू नका. तोटी प्लास्टिकची वापरा, पितळेची किंवा लोखंडाची नको.
>
> हायपोजवळ हायड्रोक्लोरिक किंवा कोणतंही ॲसिड ठेवू नका आणि दोन्हींसाठी एकच माप किंवा नरसाळं वापरू नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.
>
> उन्हाळ्यात पंधरा दिवसांत खपेल एवढाच माल मागवा. हवं तर आपण महिन्याची ऑर्डर दोन हप्त्यांत पाठवू.
>
> जुन्या बॅचबद्दल शंका असेल तर बॅच नंबर आणि माल उतरवल्याची तारीख या मेलला उत्तर म्हणून कळवा.

एवढा मेल डीलर मोबाइलवर उभ्या उभ्या वाचतो. मधले दोन परिच्छेद तो कॉपी करून गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर टाकेल, म्हणून त्यांत दर, स्कीम किंवा आपसातली कोणतीही गोष्ट येऊ देऊ नकोस. पंधरा दिवस आणि दोन हप्ते ही वाक्यं मात्र सेल्स आणि डिस्पॅचला विचारल्याशिवाय जायची नाहीत. गाडी दोनदा पाठवायचा खर्च कोणाच्या खाती, हे आधी ठरलेलं हवं.

एक मोह टाळ. हायपो पातळ केला की तो बराच सावकाश उतरतो. रसायनशास्त्र म्हणून हे बरोबर आहे आणि पाठ्यपुस्तकातून थेट मेलमध्ये उतरवावंसंही वाटेल. पण डीलरला ‘पातळ करून ठेवा’ असं लिहिलंस की लेबलवरचा टक्का खोटा ठरतो, बोअरच्या पाण्यातून धातू आणि गाळ मालात जातो, आणि उद्या भेसळीचा आरोप झाला तर तुझा मेल पुरावा म्हणून दाखवला जाईल. म्हणून प्रत्येक मेल पाठवण्याआधी क्वालिटीच्या माणसाला दाखव आणि त्याचा होकार लेखी घे. तोंडी होकार तीन महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

दुसरा खड्डा टक्क्यांचा. काही कागदांवर टक्के वजनाला वजन असतात, काहींवर वजनाला आकारमान. हायपोची घनता साधारण १.२ धरली तर आकारमानावरचे १२ टक्के म्हणजे वजनावरचे सुमारे १० टक्के. डीलर दोन कंपन्यांची लेबलं शेजारी ठेवून ‘तुमचा माल हलका’ म्हणतो, तेव्हा अनेकदा एवढाच फरक असतो. यावर वेगळा मेल लिहिता येईल, आणि माझ्या मते तो हायपोच्या मेलपेक्षा जास्त वाचला जाईल.

असा मेल गेल्यावर एखादा डीलर उलट विचारणारच: ‘माल आमच्याकडे उतरला कशावरून, तुमच्याकडूनच हलका आला असेल.’ प्रश्न रास्त आहे. त्यासाठी डिस्पॅचच्या दिवशीचा रिपोर्ट हाताशी ठेव. ही तपासणी तू कॉलेजात केलेली आहेस: पोटॅशियम आयोडाइड, ॲसिटिक ॲसिड, थायोसल्फेट आणि शेवटी स्टार्च. ०.१ नॉर्मल थायोसल्फेटचा १ मिलिलिटर म्हणजे ३.५४६ मिलिग्रॅम क्लोरीन. डीलरचा नमुना आला की लॅबमध्ये स्वतः उभी राहा आणि दोन्ही आकडे त्याला पाठव. माल खरंच आपल्याकडून हलका गेला असेल तर तेही लिहून कळव. वास किंवा रंग बघून ताकद ठरत नाही, हेही त्या उत्तरात असू दे.

रेटलिस्ट या मेलला जोडू नकोस. जोडलीस की डीलर आधी तीच उघडतो आणि वरचं वाचायचं राहून जातं. रेटचा मेल वेगळ्या दिवशी, वेगळ्या विषयाने जाऊ दे. शिवाय प्रत्येक डीलरचा डिस्काउंट वेगळा असतो. सगळ्यांचे पत्ते टू किंवा सीसीमध्ये टाकून एकच मेल मारलास तर कोण कोण डीलर आहेत ते सगळ्यांना कळतं, आणि कोणी ‘रिप्लाय ऑल’ करून आपला रेट विचारला तर साहेबांचा दिवस गेलाच. साठ-सत्तर पत्त्यांसाठी मेल मर्जने प्रत्येकाला स्वतंत्र मेल पाठव. पाठवणारा पत्ता कंपनीच्या डोमेनचा असू दे आणि आयटीवाल्याला त्या डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनवरून आल्याची खूण, लावलं आहे का ते विचार. नसेल तर मेल स्पॅममध्ये पडण्याची शक्यता वाढते. ‘मेल नको असल्यास कळवा’ ही ओळ शेवटी ठेव, आणि कोणी कळवलं तर त्याचं नाव खरोखर काढ.

मेल किती जणांनी उघडला या आकड्यावर फार विसंबू नकोस. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली, तेव्हापासून ती चालू असलेल्या फोनवर मेल न वाचताही उघडल्यासारखा मोजला जातो. साहेबांना दाखवायच्या गोष्टी दोन. उत्तरं किती आली, आणि त्या मालाच्या तक्रारी गेल्या वर्षी याच महिन्यांत किती होत्या, यंदा किती. दुसरा आकडा मिळायला वर्ष लागेल, म्हणून गेल्या वर्षीची मोजणी आजच करून ठेव.

करिअरबद्दल: हे काम लॅबच्या विरुद्ध दिशेला जात नाही. पुढची पदं टेक्निकल सर्व्हिस, ॲप्लिकेशन सपोर्ट, प्रॉडक्ट एक्झिक्युटिव्ह अशी आहेत. तिथे गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून ती रसायनाच्या भाषेत आणि परत व्यवहाराच्या भाषेत मांडता येणारा माणूस लागतो. नुसतं मेल पाठवणारी म्हणून मात्र तिथे पोचता येणार नाही. त्यासाठी साहेबांकडे आत्ताच दोन परवानग्या माग: आठवड्यातून एक दिवस क्वालिटी लॅबमध्ये बसायची, आणि महिन्यातून एकदा सेल्सच्या माणसाबरोबर डीलरच्या गोडाऊनला जायची. जाशील तेव्हा तोटी कशाची आहे, ॲसिड कुठे ठेवलंय आणि सर्वांत जुना बॅच कोणत्या तारखेचा आहे, हे बघून लिहून आण. परवानगी घेऊन फोटो काढ. वर्षाच्या बारा मेलांची फाइल ठेव आणि प्रत्येक मेलमागे कोणती तक्रार होती, क्वालिटीने काय दुरुस्ती केली आणि नंतर काय बदललं, ते एका पानावर लिही. मुलाखतीला जाशील तेव्हा डीलरांची आणि पार्ट्यांची नावं, रेट आणि कंपनीचे आतले आकडे त्यातून काढून टाक. फाइल कंपनीबाहेर दाखवायला साहेबांची हरकत नाही ना, हेही आधी विचारून घे.